लॅपटॉपचा आवाज मधूनच चरचरतो तेव्हा: घड्याळ लावून दोष शोधण्याची पद्धत

प्रश्न: "ब्राउझरमध्ये काही वाचत, गाणी ऐकत बसलो की लॅपटॉपच्या स्पीकरमधून मधूनमधून चर्र असा आवाज येतो. बराच वेळ ठीक चालतं, मग एक झटका, पुन्हा ठीक. गेम खेळताना जवळजवळ येत नाही. साउंड ड्रायव्हर दोनदा काढून टाकला, फरक नाही. दुकानदार म्हणतो स्पीकर गेलेत, बदला. बदलू का?"

अजून बदलू नका. मी पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात बरीच वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी काही जण माझ्याकडे येण्याआधीच नवे स्पीकर बसवून आलेले असतात आणि चरचर तशीच असते. स्पीकर खरंच गेला आहे का, हे घरबसल्या दहा मिनिटांत कळतं. तिथूनच सुरुवात करू.

एखाद्या गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा निवडा आणि तोच चार-पाच वेळा वाजवा. पडदा फाटलेला किंवा सैल झालेला स्पीकर त्याच जागी फरफरतो. तबल्याचा बायाँ घुमला किंवा खर्जातला स्वर आला की आवाज फुटतो, आणि आवाज कमी केला की फुटणं थांबतं. तुमची चरचर दर वेळी वेगळ्या जागी येत असेल आणि आवाज अगदी हळू ठेवला तरी येत असेल, तर स्पीकरचा पडदा निर्दोष आहे. मग वायरचा हेडफोन लावून पुन्हा ऐका. त्यातही तीच चरचर आली तर स्पीकर बदलण्याचा विषय संपला.

आणखी एक आवाज याच्याशी गल्लत करतो, तो बाजूला काढतो. गाणं सुरू होताना किंवा थांबल्यानंतर काही सेकंदांनी 'टप्' असा एकच ठोका येत असेल, तर ती साउंड चिप झोपेतून उठल्याची किंवा झोपायला गेल्याची खूण असते. वीज वाचवण्यासाठी ती असं करते. त्याचा उपाय वेगळा. इथे मी फक्त वाजता वाजता मध्येच येणाऱ्या चरचरीबद्दल लिहितो आहे.

आता ही चरचर होते कशी ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. लॅपटॉप बहुतेक वेळा सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या लाटेच्या मोजलेल्या आकड्यांच्या, वेगाने आवाज वाजवतो. विंडोज हे नमुने एकेक करून पाठवत नाही, साधारण १० मिलिसेकंदांचा एकेक हप्ता करून पाठवतं. म्हणजे एका हप्त्यात प्रत्येक बाजूचे ४८० नमुने. पंगतीचं उदाहरण घ्या. पानातला भात संपायच्या आत वाढपी पुन्हा आला पाहिजे. तो पाच मिनिटं उशिरा आला तर भात कितीही चांगला शिजलेला असला तरी जेवणारा हात थांबवून बसणार. साउंड चिपच्या बाबतीत हे थांबणं म्हणजे लाट मध्येच तुटणं किंवा जुनाच तुकडा पुन्हा वाजणं, आणि ते कानाला 'चर्र' असं लागतं. भात कमी पडलेला नसतो, वाढप्याला कुणीतरी दारात अडवून धरलेलं असतं.

अडवणारा कोण? लॅपटॉपमधलं प्रत्येक उपकरण, म्हणजे वाय-फाय, बॅटरीचा कंट्रोलर, ग्राफिक्स, टचपॅड, प्रोसेसरला अधूनमधून हाक मारतं, तिला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम सोडून ती हाक ऐकतो. हाकेनंतरचं उरलेलं काम ड्रायव्हर एका रांगेत टाकतो, त्याला डिफर्ड प्रोसीजर कॉल किंवा नुसतं डीपीसी म्हणतात. या रांगेतल्या कामाचा दर्जा सगळ्या साध्या प्रोग्रॅमपेक्षा वरचा असतो. ज्या कोअरवर डीपीसी चालू आहे, त्या कोअरवर ते संपेपर्यंत ब्राउझर, गाण्याचा प्रोग्रॅम, विंडोजचं ऑडिओ इंजिन यांतल्या कुणालाच जागा मिळत नाही. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलं आहे की एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये, म्हणजे मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा. एखादा वाईट लिहिलेला ड्रायव्हर तिथे चार-पाच मिलिसेकंद बसून राहिला, आणि त्याच सुमाराला ऑडिओ इंजिनाची पाळी आली, की हप्ता चुकतो.

यातून दोन गोष्टी आपोआप समजतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम आठ-दहा टक्के वापरात दिसतो आणि तरी आवाज तुटतो, कारण टक्केवारी ही सरासरी आहे आणि आपलं नुकसान एका क्षणाच्या अडवणुकीने होतं. आणि साउंड ड्रायव्हर पुन्हा टाकून फरक पडत नाही, कारण अडवणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच उपकरणाचा ड्रायव्हर असतो.

गेममध्ये येत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. गेम चालू असताना प्रोसेसर पूर्ण वेगात आणि सतत जागा असतो. वाचत बसल्यावर तो वेग उतरवतो, मधल्या मोकळ्या क्षणांत गाढ झोपतो, आणि तेच डीपीसीचं काम मंद वेगात जास्त वेळ खातं. शिवाय गेमच्या गोंगाटात एखादा तुटलेला हप्ता कानाला कळतही नाही. यांतलं तुमच्याकडे नेमकं काय लागू आहे, ते लॅपटॉपवर अवलंबून आहे. पण हलक्या कामात येणारी चरचर ही मोडक्या स्पीकरची खूण नाही, एवढं नक्की.

मी तपासताना कुठलंही सॉफ्टवेअर लावण्याआधी घड्याळ लावतो. तानपुऱ्याची किंवा कुठल्याही अखंड स्वराची एक फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. अखंड स्वर अशासाठी की गाण्यात लपून जाणारी बारीक चरचरही तानपुऱ्यात उघडी पडते. फाइल लॅपटॉपवरच असावी, कारण इंटरनेटवरून येणारा आवाज अडला तर तो बहुधा थांबतो, चरचरत नाही, आणि दोन वेगळ्या दोषांचा गोंधळ नको. मग ब्राउझर उघडून नेहमीसारखं वाचत बसा, आणि चरचर आली की फोनच्या स्टॉपवॉचमध्ये लॅपचं बटण दाबा. पंधरा-वीस मिनिटं एवढंच करायचं.

हाती आलेल्या आकड्यांकडे नीट पाहा. अंतरं जवळजवळ सारखी असतील, तर कुठलं तरी उपकरण किंवा सोबतची युटिलिटी ठरलेल्या वेळाने काहीतरी विचारपूस करते आहे. वाय-फाय आजूबाजूची नेटवर्क शोधतं, विंडोज बॅटरीची स्थिती विचारतं, तापमान किंवा पंख्याचा वेग दाखवणारा प्रोग्रॅम कंट्रोलरला दर काही सेकंदांनी प्रश्न करतो, असले हे नेमाचे फेरे असतात. अंतरं वेडीवाकडी असतील आणि तुम्ही पान सरकवताना किंवा जड पान उघडतानाच चरचर येत असेल, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर आणि नेटवर्कच्या वाहतुकीवर जास्त जातो. तुमच्या "बराच वेळ ठीक, मग एक झटका" या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो.

यानंतर कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसर किती वेळ अडवला ते दाखवणारा LatencyMon हा प्रोग्रॅम घ्या. घरगुती वापरासाठी तो फुकट आहे. तो चालू करून, तानपुरा वाजत ठेवून, किमान पंधरा मिनिटं नेहमीचं काम करा. अनेक जण तो दोन मिनिटं चालवतात, हिरवी पट्टी पाहतात आणि सगळं ठीक आहे म्हणून बंद करतात. तुमची चरचर मिनिटाला एकदा येत असेल तर दोन मिनिटांत काय सापडणार? पहिल्या पानावरच्या लाल-हिरव्या पट्टीकडेही मी फारसं लक्ष देत नाही. Drivers या पानावर जायचं आणि Highest execution या रकान्यावर क्लिक करून सर्वांत मोठा आकडा वर आणायचा. एकूण वेळ किंवा एकूण संख्या यांना इथे महत्त्व नाही. हजारो वेळा येऊन पटकन निघून जाणारा ड्रायव्हर निरुपद्रवी असतो. तासात साठ वेळाच येणारा, पण दर वेळी पाच मिलिसेकंद ठाण मांडणारा, तो आपला.

इथे एक मोठी फसगत होते, म्हणून थोडं थांबतो. वर आलेलं नाव बहुतेक वेळा ndis.sys, Wdf01000.sys, ACPI.sys किंवा storport.sys असं काहीतरी असतं. लोक ते नाव इंटरनेटवर शोधतात आणि ती फाइल बदलायला निघतात. या विंडोजच्या स्वतःच्या फाइली आहेत आणि त्यांचं काम सोसायटीच्या फाटकासारखं आहे. गाडी फाटकात अडकली म्हणून फाटक दोषी ठरत नाही, गाडी कुणाची ते पाहावं लागतं. ndis.sys हे नेटवर्कच्या सगळ्या ड्रायव्हरांचं फाटक, म्हणजे खरा संशयित वाय-फायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर, किंवा नेटवर्कमध्ये शिरून बसलेला अँटिव्हायरस. ACPI.sys हे बॅटरी, चार्जर, पंखे, झाकण यांच्याशी बोलणाऱ्या बायॉसच्या, म्हणजे लॅपटॉपच्या बोर्डावरच असलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या, कोडचं फाटक. storport.sys म्हणजे डिस्कच्या ड्रायव्हरांचं. Wdf01000.sys च्या मागे कुठल्याही उपकरणाचा ड्रायव्हर असू शकतो, तो सर्वांत कमी माहिती देतो. nvlddmkm.sys असं नाव आलं तर मात्र ते सरळ एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचंच आहे.

आता एक प्रत्यक्षातलं उदाहरण सांगतो, कारण तुमच्या तक्रारीशी ते बरंच जुळतं. कोथरूडला राहणारी एक मुलगी गाणं शिकते आणि रियाजाला लॅपटॉपवर तानपुरा लावते. शेजारी ब्राउझरमध्ये बंदिशींच्या नोंदी उघड्या असतात. तानपुऱ्यात मधूनमधून खरखर येते, सूर लावताना दचकायला होतं, अशी तिची तक्रार होती. तिचेही स्पीकर एका ठिकाणी बदलून झाले होते.

वेळा तिनेच घरी लिहून आणल्या होत्या. बहुतेक अंतरं ६० ते ६४ सेकंदांची होती, आणि त्यांच्या मधे काही जास्तीच्या चरचरी होत्या ज्यांचा मेळ बसत नव्हता. माझ्या टेबलावर लॅपटॉप वीस मिनिटं ठेवला तेव्हा LatencyMon मध्ये ndis.sys चा सर्वांत मोठा आकडा पाच मिलिसेकंदांच्या आसपास दिसला आणि ACPI.sys चा अडीचच्या वर. बाकी सगळे अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत होते.

मी आधी मोठा आकडा घेतला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय ॲडॉप्टर डिसेबल केला आणि फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरलं. नुसतं विमान मोड लावलं असतं तर ब्लूटूथही बंद झालं असतं आणि कुणामुळे फरक पडला ते कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण तो मोडला की दिवस वाया जातो. मिनिटामिनिटाची चरचर थांबली. म्हणजे वाय-फाय. पण वाय-फायचं नेमकं काय? ब्राउझर पानं आणतो ती वाहतूक, की नेटवर्क शोधण्याचा फेरा?

हे वेगळं करायला एक सोपी युक्ती आहे. जोडणी चालू ठेवून विंडोजचा शोध तेवढा थांबवता येतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पहिल्या ओळीने ॲडॉप्टरचं नाव पाहून घ्या. तुमच्याकडे ते वेगळं असेल तर दुसऱ्या ओळीत तेच लिहा.

```
netsh wlan show interfaces
netsh wlan set autoconfig enabled=no interface="Wi-Fi"
```

वाय-फाय परत चालू करून, जोडणी झाल्यावर मी हे केलं. पानं उघडत होती, व्हिडिओ चालत होता, आणि मिनिटाची चरचर आली नाही. वाहतूक निर्दोष ठरली, शोधाचा फेरा पकडला गेला. चाचणी झाली की हे लगेच पूर्ववत करायचं, नाहीतर लॅपटॉप ओळखीच्या नेटवर्कला आपणहून जोडणार नाही आणि तुम्ही वेगळ्याच दोषामागे धावाल.

```
netsh wlan set autoconfig enabled=yes interface="Wi-Fi"
```

शोधाच्या वेळी असं का होतं, तेही सांगतो. नेटवर्क शोधताना वाय-फायला आपलं चॅनेल सोडून एकेका चॅनेलवर जाऊन ऐकावं लागतं आणि परत यावं लागतं. आपल्याकडच्या इमारतींत खिडकीतून पाहिलं तर तीस-चाळीस नेटवर्क सहज दिसतात, म्हणजे आणायची यादीही मोठी. बहुतेक ड्रायव्हर हे काम छोट्या छोट्या तुकड्यांत करतात. तिच्या लॅपटॉपमधल्या ड्रायव्हरची ती आवृत्ती एकाच डीपीसीत बराच वेळ बसत होती. त्यातून तिचा राउटर हॉलमध्ये आणि रियाजाची खोली दोन भिंतींपलीकडे. सिग्नल कमजोर असला की वाय-फाय अधिक चांगलं ठिकाण मिळतं का म्हणून जास्त वेळा शोधायला निघतं. मधल्या बेमेळ चरचरींतल्या काही त्या होत्या.

उपाय तीन केले. विंडोज अपडेटने आपणहून टाकलेला वाय-फाय ड्रायव्हर काढून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलसाठी दिलेला टाकला. मोठा फरक यानेच पडला. कधी उलटंही होतं, जुना वाईट आणि नवा चांगला असतो, म्हणून दोन्ही करून पाहावे लागतात. दुसरं, ॲडॉप्टरच्या Advanced पानावर Roaming Aggressiveness नावाची सेटिंग होती, ती सर्वांत खालच्या पायरीवर नेली. घरात एकच राउटर असेल तर नवं ठिकाण शोधण्याची उतावीळ कशाला? घरात दोन-तीन राउटरांचं जाळं असेल तर मात्र असं करू नका, लॅपटॉप दूरच्या राउटरला चिकटून राहील. सगळ्या कार्डांत ही सेटिंग दिसतेही असं नाही. तिसरं, तिला राउटर खोलीच्या दाराजवळ आणायला सांगितलं.

मिनिटाची चरचर गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला की अजूनही कधीतरी येते, पण फक्त चार्जर लावलेला असताना. हे 'फक्त चार्जर लावल्यावर' तिने स्वतः शोधलं होतं, आणि त्यामुळे माझं अर्धं काम झालं. ACPI.sys चा तो अडीचचा आकडा मी पहिल्या दिवशी बाजूला ठेवला होता, तो आता पुढे आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये Batteries खाली Microsoft ACPI-Compliant Control Method Battery असं नाव असतं. ते चाचणीपुरतं डिसेबल केलं की विंडोज बॅटरीची विचारपूस करणं थांबवतं. चरचर थांबली.

इथे हात जोडून सांगतो, हा उपाय नाही, ही चाचणी आहे. काही व्हिडिओंत ते कायमचं बंद ठेवायला सांगतात. तसं केलं तर बॅटरी किती उरली ते दिसत नाही, संपत आल्याची सूचना येत नाही आणि लॅपटॉप चालू कामात धाडकन बंद पडतो. चाचणी चार्जर लावून करायची आणि लगेच एनेबल करायचं.

खरं कारण थोडं खोल होतं. लॅपटॉपसोबत आलेली एक युटिलिटी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवत होती आणि त्यासाठी कंट्रोलरला वारंवार विचारत होती. कंट्रोलर उत्तर द्यायला वेळ लावत होता, आणि बायॉसमधला कोड तेवढा वेळ वाट पाहत बसत होता. युटिलिटी बंद केल्यावर चरचर खूप कमी झाली आणि बायॉसची नवी आवृत्ती टाकल्यावर गेली. बायॉस टाकताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवाच. त्या मध्ये वीज गेली तर लॅपटॉप चालू न होण्यापर्यंत वेळ येते. तुम्हाला त्याची सवय नसेल तर कुणाकडून तरी करून घ्या.

आता एका लोकप्रिय सल्ल्याबद्दल लिहिणं मला भाग आहे, कारण तो शोधताना तुम्हाला हमखास भेटेल. रजिस्ट्रीत NetworkThrottlingIndex नावाची किंमत असते, ती ffffffff करा म्हणजे चरचर जाईल, असं सांगतात. ही सेटिंग मुळात आहे कशासाठी ते पाहा. व्हिस्टाच्या काळात मायक्रोसॉफ्टने आवाज-चित्राला अग्रक्रम देणारी सेवा आणली. नेटवर्कवरून पाकिटांचा लोंढा आला की त्यांच्या डीपीसींमुळे आवाज तुटतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून आवाज वाजत असताना मिलिसेकंदाला १० पाकिटं एवढाच रतीब घ्यायचा, असा बांध घातला. त्यामुळे फाइल कॉपी करताना वेग कमी होतो अशी ओरड २००७ साली झाली आणि मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी त्यामागचं कारण तेव्हा सविस्तर लिहिलं होतं. म्हणजे ffffffff केल्याने आपण तो बांधच फोडतो. तुमच्या तक्रारीला हे उलट्या दिशेचं औषध आहे. आधी करून ठेवलं असेल तर किंमत पुन्हा दशमान १० करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरचा किमान वेग १०० टक्के करण्याचा सल्लाही मिळेल. चाचणी म्हणून तो चांगला आहे. त्याने चरचर गेली तर डीपीसीचा संशय पक्का होतो. पण कायमचं तसं ठेवलं तर लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. खरा गुन्हेगार सापडेपर्यंत, एखादी ऑनलाइन मुलाखत किंवा क्लास निभावण्यापुरता तो वापरावा.

LatencyMon मध्ये Wdf01000.sys सारखं बिनचेहऱ्याचं नाव आलं तर काय करायचं? विंडोजमध्येच एक रेकॉर्डर असतो. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली ओळ द्या, चरचर दोन-तीनदा येऊ द्या, मग दुसरी ओळ द्या. temp हा फोल्डर आधी बनवून ठेवा.

```
wpr -start GeneralProfile -filemode
wpr -stop C:\temp\awaj.etl
```

ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या Windows Performance Analyzer या प्रोग्रॅममध्ये उघडली की DPC/ISR चा आलेख दिसतो. तुम्ही टिपलेल्या वेळेजवळ जो उंच पट्टा आहे, त्यात कुठल्या ड्रायव्हरच्या कोणत्या फंक्शनने वेळ खाल्ला ते वाचता येतं. रेकॉर्डिंग लहान ठेवा, फाइल झपाट्याने वाढते.

आणि सगळे ड्रायव्हर निर्दोष दिसत असूनही चरचर चालू असेल, तर दोन शक्यता मी पाहतो. तोच आवाज ब्राउझर पूर्ण बंद करून साध्या प्लेअरमध्ये अर्धा तास ऐकावा. तिथे एकदाही आली नाही तर ब्राउझरची एक्स्टेन्शनं एकेक करून बंद करावीत. दुसरी शक्यता बायॉसच्या स्वतःच्या हाकांची आहे. या हाका विंडोजच्याही वरच्या दर्जाच्या असतात, प्रोसेसर काही काळ विंडोजच्या हातातून निघून जातो आणि कुठल्याच ड्रायव्हरच्या नावावर तो वेळ लागत नाही. LatencyMon च्या पहिल्या पानावरचा इंटरप्ट ते प्रोसेस हा आकडा मोठा, पण Drivers च्या पानावर सगळे साव, असं चित्र दिसलं की मी बायॉसची नवी आवृत्ती शोधतो. ती नसेल तर मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो की हे माझ्या हातात नाही. वॉरंटी चालू असेल तर टिपलेल्या वेळांसकट कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

तुम्ही आज एवढं करा: त्याच तुकड्याची आणि हेडफोनची चाचणी, मग तानपुरा लावून वीस मिनिटांच्या वेळा, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून. नंतर LatencyMon च्या Drivers पानावरची वरची तीन नावं त्यांच्या आकड्यांसह इथे लिहा, आणि लॅपटॉपचं मॉडेल व वाय-फाय ड्रायव्हरची तारीखही द्या. तेवढ्यावरून पुढचा कुठला ॲडॉप्टर बंद करून पाहायचा ते मी सांगू शकेन. स्पीकरचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.